निवेदकप्रधान चित्रफितींचे संकलन

निवेदकप्रधान चित्रफितीत एक व्यक्ती कॅमेऱ्याकडे पाहत एखादा विषय समजावून सांगते. अडखळणे, पुनरुक्ती आणि चुकलेली वाक्ये काढून टाकणे हे संकलकाचे पहिले काम होय. मात्र एकाच कोनातून घेतलेल्या चित्रणातील मधला तुकडा वगळला, की निवेदकाचे डोके एकाएकी सरकलेले दिसते. यास ‘जंप कट’ म्हणतात. ज्याँ-लुक गोदार यांनी ‘ब्रेथलेस’ (१९६०) या चित्रपटात तो जाणीवपूर्वक वापरला. शैक्षणिक चित्रफितीत तो बहुधा नाइलाजाने येतो.

उदाहरणार्थ, ‘दर अमावास्येला सूर्यग्रहण का होत नाही?’ या विषयावरील निवेदन घेता येईल. संकलक प्रथम केवळ ध्वनी ऐकून काटछाट करतो. श्वास पूर्ण ठेवावा किंवा पूर्ण काढावा. अर्धा तुटलेला श्वास उचकीसारखा ऐकू येतो. प्रश्नानंतरचा एक-दोन सेकंदांचा विराम मात्र राखावा लागतो, कारण प्रेक्षक त्याच वेळात विचार करतो. सर्व विराम सरसकट काढल्यास चित्रफीत वेगवान भासते, पण प्रश्न आणि उत्तर एकमेकांत मिसळून जातात.

यानंतर उरलेले जंप कट झाकले जातात. एक सोपा उपाय म्हणजे पुढील तुकडा सुमारे १५ ते २० टक्के मोठा करून दाखवणे. दोन-तीन टक्क्यांचा फरक ही चूकच वाटते. दुसरा उपाय पूरक दृश्यांचा, म्हणजे ‘बी-रोल’चा. निवेदक प्रश्न विचारत असताना त्याचा चेहराच दिसू द्यावा. ‘चंद्राची कक्षा सुमारे ५ अंशांनी कललेली आहे’ हे वाक्य सुरू होताच आकृती यावी आणि नावे वाचून होईपर्यंत राहावी. ‘चंद्र’ हा शब्द आला म्हणून पौर्णिमेच्या चंद्राचे छायाचित्र लावणे ही नेहमीची चूक आहे. येथे तर ते दिशाभूल करते, कारण सूर्यग्रहण अमावास्येलाच होते. आकृतीत कल वाढवून दाखवला असल्यास तसे लिहिणेही आवश्यक ठरते.

पूरक दृश्याखाली झालेली काटछाट प्रेक्षकाला दिसत नाही. सोय आणि धोका दोन्ही त्यातच आहेत. ‘अमावास्येला सूर्यग्रहण होते, पण चंद्र राहू किंवा केतू या पातबिंदूजवळ असेल तरच’ या वाक्यातील उत्तरार्ध लांबी कमी करण्यासाठी गाळला, तर विधान खोटे होते. आणि वर आकृती असल्याने वाक्य मध्येच तोडल्याची शंकाही कोणाला येत नाही. म्हणून काही संकलक झाकण्यापूर्वीची प्रत, जंप कट उघडे ठेवून, निवेदकाला ऐकवतात. अट गळलेली आढळल्यास तेवढे वाक्य त्याच खोलीत, त्याच मायक्रोफोनपासून तेवढ्याच अंतरावर पुन्हा ध्वनिमुद्रित करून आकृतीखाली जोडता येते.