टूजी बंद करण्यापूर्वी

जून २०२४ मध्ये ब्रिटनमध्ये दोघांना अटक झाल्याचे पोलिसांनी जाहीर केले. घरगुती बनावटीचा अँटेना वापरून बँकांच्या नावाने हजारो फसवे एसएमएस सोडल्याचे हे प्रकरण होते. ते एसएमएस मोबाइल कंपन्यांच्या जाळ्यातून गेलेच नव्हते, म्हणून कंपन्यांची गाळणीही त्यांना अडवू शकली नाही.

असे करता येते ते टूजीतल्या जुन्या उणिवेमुळे. १९९१ मध्ये सुरू झालेल्या या सेवेत टॉवर फोनची ओळख तपासतो, फोन मात्र टॉवरची तपासत नाही. बनावट टॉवर जवळून जोरदार सिग्नल देऊन फोनला फोरजीवरून टूजीवर उतरवतो, मग पाठवणाऱ्याच्या जागी हवे ते नाव टाकतो. भारतात व्यावसायिक एसएमएसला नोंदणीकृत नाव लागते, पण ती तपासणी कंपनीकडे होते. इथे कंपनी मध्ये येतच नाही. फोरजीत फोनही नेटवर्कची खात्री करून घेतो.

अँड्रॉइड १२ पासून अनेक फोनमध्ये सिमच्या सेटिंगमध्ये `Allow 2G` हे बटण असते. ते प्रत्येक सिमसाठी वेगळे असते. आयफोनमध्ये आयओएस १७ पासून `Lockdown Mode` टूजी बंद करतो, पण त्यासोबत फोनच्या इतर अनेक सोयीही आखडतात.

आता किंमत. जिओकडे टूजी नाहीच, त्यामुळे त्या सिमवर घरच्या परिसरात काही गमवावे लागत नाही. एअरटेलचे उदाहरण घेऊ. कंपनीने २०२० मध्ये थ्रीजी बंद केले, टूजी ठेवले. कोकणातल्या एखाद्या घरात फोरजी पोहोचत नसेल, तर तिथे टूजीच आधार. तो बंद केला की मधली पायरीच उरत नाही: फोन लागत नाही, ओटीपी येत नाही. फोरजी चांगले असूनही फोनमध्ये व्होल्टे सुरू नसेल, तर इंटरनेट चालेल, पण कॉल अडतील. समोरच्याकडे साधा बटणाचा फोन असला तरी अडचण नाही. प्रश्न फक्त तुमच्या फोनचा आणि तुमच्या टॉवरचा.

म्हणून आधी पारख करा. घरात, कामाच्या जागी वायफाय बंद करून कॉल लावा आणि वरच्या पट्टीकडे पाहा. बोलताना 4G किंवा VoLTE टिकले, तर टूजी बंद केले तरी चालेल. तिथे 2G, E किंवा G आले, तर तुमचा कॉल टूजीवर आहे. ते बंद करू नका. अँड्रॉइडचे हे बटण बंद असले तरी आपत्कालीन कॉलसाठी फोन टूजी वापरू शकतो.

टूजी बंद केल्याने नेहमीच्या मार्गाने येणारे फसवे एसएमएस थांबत नाहीत. तरीही शहरात राहणाऱ्याने ते बंदच ठेवावे, आणि घाटात किंवा गावी जाताना चालू करावे.