चार गोळ्यांचा हिशेब

समजा, कम्युनिटी हेल्थच्या असाइनमेंटसाठी तुम्हाला एचआयव्हीसह जगणाऱ्या एका रुग्णाची केस मिळाली आहे. पहिला प्रश्न काय विचाराल? 'गोळ्या वेळेवर घेता ना?' हाच ना? माझी एक मैत्रीण बी.एस्सी. नर्सिंग करते. तिनेही हेच विचारलं. समोरचे दादा म्हणाले, "हो, रोज."

मग एआरटी केंद्रातल्या सिस्टरनी बाटली मागितली आणि गोळ्या मोजल्या. सरकारी एआरटी केंद्रात ही औषधं मोफत मिळतात. बहुतेक प्रौढांना तीन औषधं एकत्र असलेली एकच गोळी दिवसातून एकदा घ्यायची असते. दादांना ३० गोळ्यांची बाटली दिली होती आणि ते २८ दिवसांनी आले होते. म्हणजे उरायला हव्या होत्या २. उरल्या होत्या ६. २८ पैकी २४ घेतल्या, म्हणजे साधारण ८६ टक्के. अपेक्षा असते ९५ टक्क्यांची, म्हणजे महिन्यात फार तर एखादी गोळी चुकली तर ठीक. गोळ्या वारंवार चुकल्या की रक्तातलं औषध कमी पडतं, विषाणू पुन्हा वाढतो आणि पुढे तेच औषध त्याला दाद देईनासं होऊ शकतं.

आता तुम्ही असता तर? मैत्रीण लेक्चर द्यायच्याच तयारीत होती. सिस्टरनी मात्र शांतपणे विचारलं, "दादा, चार दिवस जमलं नाही वाटतं. काय झालं होतं घरी?"

झालं असं होतं, की घरी पाहुणे आले होते. खोली एकच. दादा गोळी रात्री नऊला घ्यायचे. "बाटली काढली की खुळखुळ वाजते, सिस्टर. कसली गोळी म्हणून विचारलं तर काय सांगू?" बायकोला सगळं माहीत होतं, बाकी कुणालाच नाही. म्हणजे दादा विसरले नव्हते, घाबरले होते. मोबाइलवर अलार्म लावून हा प्रश्न सुटला नसता.

उपाय वेगळा निघाला. ही गोळी जेवणाआधी किंवा नंतर, कधीही चालते. वेळ रोज तीच असली की झालं. म्हणून डॉक्टरांशी बोलून वेळ बदलली: रात्री नऊऐवजी सकाळी अकरा, कामावरच्या चहाच्या सुट्टीत. बाटली घरीच राहणार आणि त्या दिवसाची एक गोळी छोट्या डबीत खिशात. चुकलीच तर आठवेल तेव्हा घ्यायची, पण दुसऱ्या दिवशी दोन एकदम नाही. पुढच्या वेळी दादा पुन्हा २८ दिवसांनी आले, तेव्हा बाटलीत बरोबर २ गोळ्या होत्या.

पण नुसत्या मोजणीवर विसंबू नका. ओरडा बसेल म्हणून उरलेल्या गोळ्या फेकून देणारेही असतात. खरं चित्र व्हायरल लोडच्या तपासणीत दिसतं. नियमित औषधाने विषाणूचं प्रमाण तपासणीत सापडणार नाही इतकं खाली आलं आणि तसंच टिकलं, तर लैंगिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. दादांच्या बायकोला हे कुणी नीट समजावलंच नव्हतं. ते ऐकून ती खूप वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आधी का नाही सांगितलं?"

घरभेटीला जायचं असेल तर आधी रुग्णाची परवानगी घ्या आणि वेळ त्यालाच ठरवू द्या. तो म्हणाला तर युनिफॉर्म नको. शेजाऱ्यांनी "कुणाकडे?" विचारलं तर आजाराचं नाव तोंडातून निघता कामा नये. आणि घरात ग्लोव्ह्ज घालून बीपी मोजू नका. रक्ताशी संपर्क येणार असेल तर ग्लोव्ह्ज प्रत्येक रुग्णासाठी घालायचे. नुसता हात धरण्यासाठी ते कुणासाठीच लागत नाहीत. दारातून दिसणारे तुमचे ग्लोव्ह्ज सगळ्या चाळीला बातमी देतात.

शेवटी फाइल. मैत्रिणीने केस स्टडीत नावाऐवजी आद्याक्षरं लिहिली होती. पण सोबत वय, व्यवसाय, गल्ली आणि मुलांची संख्याही होती. मॅडमनी विचारलं, "त्या गल्लीतला कुणी हे वाचेल तर ओळखेल की नाही?" सगळं खोडावं लागलं. उरलं फक्त 'रुग्ण क्र. १'. एचआयव्ही-एड्स कायदा, २०१७ नुसार रुग्णाच्या संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही. असाइनमेंटही त्याला अपवाद नाही, आणि कँटीनमधल्या गप्पाही नाहीत.

म्हणूनच दादा कोण, कुठले, काय काम करतात, हे मैत्रिणीने मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.