एका पानात बसव, पण काही सुटायला नको

पुनर्विकासाच्या वाटेवरच्या कोणत्याही गृहनिर्माण संस्थेत असा निरोप येऊ शकतो. अध्यक्षकाका तरुण सचिवाला रात्री लिहितात : ‘परवाच्या सभेसाठी तिन्ही बिल्डरांच्या ऑफरची तुलना करून दे. एका पानात बसव, लोक जास्त वाचत नाहीत. पण काही सुटायला नको, सगळे तपशील हवेत. भाषा सोपी ठेव आणि अटी मात्र करारात आहेत तशाच घे.’

काकांना यात काही विसंगत वाटत नाही, कारण त्यांच्या डोळ्यांपुढे दोन वेगळी माणसं आहेत. एक, सभेत खिशातला चष्मा शोधत कागद उलटसुलट करणारा सभासद. दुसरा, दोन वर्षांनी ‘हे आम्हाला सांगितलंच नव्हतं’ म्हणून उभा राहणारा. एक पान पहिल्यासाठी आहे आणि सगळे तपशील दुसऱ्याच्या धास्तीने. परस्परविरोधी सूचना बहुतेकदा अशाच जन्माला येतात.

पण विरोध खरा आहे की नुसता वाटतो, हे आधी मोजून पाहावं. सचिवाने मुद्द्यांची यादी केली : वाढीव क्षेत्रफळ, कॉर्पस, भाडं, पार्किंग, मुदत, बँक गॅरंटी, उशीर झाल्यास दंड, करार मोडण्याची अट. आठ मुद्दे आणि तीन बिल्डर, म्हणजे २४ रकाने. नेहमीच्या अक्षरात ए-फोर कागदावर साधारण ३५० शब्द मावतात. म्हणजे एका रकान्याला जेमतेम १४. क्षेत्रफळ, भाडं, पार्किंग यांना एकेक आकडा पुरतो, तिथे भांडण नाहीच. अडतं ते शेवटच्या तीन मुद्द्यांवर. बँक गॅरंटीपुढे तिन्ही रकान्यांत ‘आहे’ लिहिलं तर ते खोटं नाही. मात्र एकाची गॅरंटी काम पुढे सरकेल तशी टप्प्याटप्प्याने सुटते आणि दुसऱ्याची भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत कायम राहते, हा फरक त्या ‘आहे’मध्ये गडप होतो. न विचारता स्वतःच्या मनाने एक सूचना पाळली, की असं होतं. कागद नीटनेटका दिसतो आणि काय गळलं ते कोणालाच कळत नाही. ‘अटी आहेत तशाच’ आणि ‘भाषा सोपी’ ही जोडी तर एकाच वाक्यात जुळणारच नाही.

आता हे काकांना सांगायचं कसं? ‘तुम्हीच एक पान म्हणालात आणि तुम्हीच सगळं म्हणता’ हे खरं असलं तरी त्यातून मिळतो तो खुलासा, उत्तर नव्हे. ‘नक्की काय हवंय?’ हे सौम्य वाटतं, पण सगळं काम पुन्हा त्यांच्याच अंगावर टाकतं. कमिटीच्या ग्रुपवर तर हा विषय काढूच नये. चारचौघांत माणूस शब्द मागे घेत नाही. सचिवाने काकांना वेगळा निरोप पाठवावा, आणि तोही यादी झाल्याबरोबर, सभेच्या आदल्या रात्री नव्हे :

‘काका, तुलना करायला घेतली आहे. पाच मुद्दे एका पानात नीट बसतात. बँक गॅरंटी, दंड आणि करार मोडण्याची अट आहे तशी घेतली तर तीन-चार पानं होतील, आणि थोडक्यात लिहिली तर बिल्डरांमधला फरक दिसणार नाही. एक पान सोप्या भाषेत करून त्या तीन अटी मूळ शब्दांत मागे जोडू का? की एकच पान ठेवून या अटी सभेत वाचून दाखवायच्या? मला पहिलं बरं वाटतं. उद्या दुपारपर्यंत कळवा, म्हणजे छापायला देता येईल.’

यात तक्रारीचा एकही शब्द नाही. दोन्ही सूचना काकांच्याच आहेत, कुठे अडतं ते नेमकं सांगितलं आहे आणि उत्तर ‘पहिलं’ या एका शब्दात देता येतं. ‘कळवलं नाहीत तर मी असं करतो’ ही ओळ मात्र इथे मुद्दाम नाही. नंतर बदलता येणाऱ्या कामात ती चालते. छापून घरोघरी जाणाऱ्या कागदात नको. उत्तर आलं नाही तर फोन करावा.

मागे जोडण्याची ही युक्ती जुनीच आहे. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४० मध्ये, ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी लांबलचक अहवालांना कंटाळून एक टिपण काढलं होतं. मुख्य मुद्दे छोट्या परिच्छेदांत द्या आणि गुंतागुंतीचं विश्लेषण व आकडेवारी परिशिष्टात टाका, असं त्यांनी त्यात सांगितलं.

आणि काकांचं उत्तर आलं, ‘दोन्ही कर, पण एकाच पानात’, तर? तर भाषेने काही सुटणार नाही. अक्षरं बारीक करून तो कागद छापण्याआधीच काकांच्या हातात द्यावा आणि चष्म्याशिवाय वाचता येतो का, एवढंच विचारावं.