मंचावर कोण, समोर कोण

२६ जून म्हणजे राजर्षी शाहू जयंती. कोल्हापूर जिल्ह्यात या सुमारास शिष्यवृत्तीवाटपाचे कार्यक्रम लागतात. राधानगरीत तेव्हा पावसाची झड असते आणि दाजीपूरच्या बाजूच्या वाड्यांतून आलेल्या मुलांचं निम्मं लक्ष परतीच्या एसटीकडे. पाहुण्यांचे हारतुरे आटोपेपर्यंत ती समोर ताटकळतात. मग एखाद्या मुलीचं नाव पुकारलं जातं, पाठोपाठ माईकवरून घरची परिस्थिती: वडील मजुरीला, आई आजारी. फोटोसाठी धनादेश अर्ध्यावर धरलेला. वाईट हेतू कोणाचाच नसतो, पण त्याच सभागृहात त्या मुलीच्या वर्गातल्या मैत्रिणी बसलेल्या असतात.

या अवघडलेपणावर जमशेटजी टाटांनी १८९२ मध्येच एक उत्तर शोधलं होतं. जे. एन. टाटा एन्डाउमेंट या त्यांच्या निधीतून परदेशी शिकायला जाणाऱ्यांना पैसे मिळत, पण कर्ज म्हणून. शिकून कमावतं झाल्यावर ते फेडायचे आणि त्यातून पुढच्याला द्यायचे. म्हणजे घेणारा उपकृत राहत नाही. पुढच्या विद्यार्थ्याच्या शिक्षणात त्याचाही पैसा असतो. निधीच्या पहिल्या मानकऱ्यांत दोन स्त्री डॉक्टर होत्या: फ्रेनी कामा आणि कृष्णाबाई केळवकर. कृष्णाबाईंनी पुढे कोल्हापुरातच स्त्रियांवर उपचार केले. कोल्हापुरात जन्मलेले जयंत नारळीकर केंब्रिजला गेले तेही याच निधीच्या आधाराने. कर्ज घेतलं म्हणून यांच्यापैकी कोणालाच कोणी गरीब बिचारं म्हटलं नसेल!

अकरावीच्या किंवा आयटीआयच्या मुलावर मात्र कर्ज लादणं बरं नव्हे. ऊस तोडून जगणाऱ्या घराला हप्त्याची धास्ती पुरेशी असते. तिथे पैसा शिष्यवृत्तीच म्हणून द्यावा आणि समारंभाची मांडणी बदलावी.

ती बदलायला फार काही लागत नाही. रक्कम आधीच मुलाच्या बँकखात्यात जमा करायची. कार्यक्रमात द्यायचं ते पत्र, ज्यात एकूण रक्कम, हप्त्यांच्या तारखा आणि अडचणीत कोणाला फोन करायचा ते लिहिलेलं. उत्पन्नाचा दाखला निवड समितीच्या फाइलमध्येच राहू द्यावा. मंचावर देणगीदार आणि विद्यार्थी शेजारी शेजारी बसवावेत आणि दोघांचीही ओळख एकाच मापाने करून द्यावी: हे काय काम करतात, ही काय शिकते. पाया पडण्याची प्रथा सूत्रसंचालकाने सुरुवातीलाच मोडीत काढली, तर कोणाला अवघडून उभं राहावं लागत नाही. मनोगत ज्याला बोलायचं त्यानेच बोलावं. आभाराचं भाषण पाठ करून घेतलेलं लगेच ओळखू येतं. सगळ्यांची वाक्यं सारखीच असतात.

देणगीदाराचाही मान राखायला हवा. मागल्या वर्षीच्या पैशाचा हिशेब, किती मुलं शिक्षण सोडून गेली आणि का, हे त्याला शालीआधी कळलं पाहिजे. शिक्षण सुटलेल्यांचा आकडा बहुतेक अहवालांत सापडत नाही. नोकरीला लागलेला जुना विद्यार्थी पाचशे रुपये घेऊन आला, तर त्याची पावती इतर देणगीदारांच्याच पुस्तकात फाडावी, आणि वार्षिक यादीत त्याचं नाव रकमेप्रमाणे नव्हे, आडनावाच्या अक्षरक्रमाने यावं.