किडा रंग बदलत नाही, वस्ती बदलते

हिरव्या झुडपातले तपकिरी किडे पक्ष्यांनी टिपले आणि हिरवे उरले, हे चित्र शालेय पुस्तकांत नेहमी दिसते. ते चूक नाही, पण ते पाहून मुलांना वाटते की किड्यानेच जीव वाचवायला रंग बदलला. खरा प्रकार नेदरलँड्समधल्या दोन ठिपक्यांच्या लेडीबर्डमध्ये, म्हणजे मावा खाणाऱ्या ढालकिड्यात, मोजून पाहता येतो. या जातीत काही किडे लाल ढालीवर काळे ठिपके असलेले, तर काही काळ्या ढालीवर लाल ठिपके असलेले असतात. कोषातून बाहेर पडताना ढाल फिकी पिवळी असते. नक्षी उमटून पक्की झाली की ती मरेपर्यंत तशीच राहते. म्हणजे एकेका किड्याच्या हातात काहीच नाही. १९८० मध्ये तिथल्या समुद्रकाठी काळे शंभरात सुमारे दहा होते, तर चाळीसेक किलोमीटर आत जवळपास साठ. २००४ पर्यंत आतल्या भागातही ते विसाच्या खाली आले.

काळी ढाल उन्हात लवकर तापते. थंड, ढगाळ वसंतात असा किडा आधी हालचाल करू लागतो आणि पिल्लावळीत आघाडी घेतो. ऊन वाढले की ती आघाडी सरते. वसंत उबदार होत गेला, हेच इथले सर्वांत पटणारे कारण आहे, पण ते अनुमान आहे. फरक फार मोठा असावा लागत नाही. समजा, लाल किड्याची दहा पिल्ले जगतात तिथे काळ्याची नऊ. तर शंभरात साठ काळे असलेल्या वस्तीत पुढच्या पिढीला ते अठ्ठावन्न होतील. वर्षाला साधारण दोन पिढ्या धरल्या, तर पंचवीस वर्षांत एवढी घसरण सहज बसते.

यावर हुशार विद्यार्थी विचारेल, काळा रंग प्रभावी जनुकाचा आहे, मग तोच का पसरत नाही? प्रभावी म्हणजे एकच प्रत असली तरी अंगावर दिसणारा, जास्त टिकणारा नव्हे. उलट त्यामुळे काळे जनुक लाल किड्यात लपून राहू शकत नाही, प्रत्येक प्रत निवडीच्या समोर येते. दुसरा आक्षेप असा की किनाऱ्यावरचे लाल किडे आत उडून आले असतील. नुसती सरमिसळ असती तर आतले काळेही किनाऱ्याकडे जाऊन तिथला आकडा बराच चढला असता. तसे झाले नाही. आणि हा योगायोग असता, तर आतल्या ठिकाणांपैकी काही वर गेली असती, काही खाली. ती एकाच दिशेने उतरली. उद्या तिथले वसंत पुन्हा गारठले, तर उरलेल्या काळ्यांचीच संख्या वाढू शकेल. काळे जनुक पुरते नाहीसे झाले, तर मात्र थंडी कितीही पडली तरी गरज आहे म्हणून ते परत उगवणार नाही.