टेलरिंगच्या दुकानाची चित्रफीत: प्रॉम्प्टमधील वर्णन

वर्तमानपत्रातील जाहिरातीचे लेखन करताना आपले शब्द थेट ग्राहकापर्यंत पोहोचतात. समाजमाध्यमावरील चित्रफितीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला लिहून दिलेल्या सूचनेचे, म्हणजे प्रॉम्प्टचे, तसे नसते. ती सूचना ग्राहक कधीच वाचत नाही. ती एक यंत्र वाचते आणि त्यावरून काही सेकंदांची हलती चित्रे तयार करते. म्हणून प्रॉम्प्टचे लेखन जाहिरातीच्या मजकुरापेक्षा वर्णनात्मक लेखनाला अधिक जवळचे आहे.

एक उदाहरण घेऊ. तालुक्याच्या गावी एका बाईंचे ब्लाऊज शिवण्याचे लहानसे दुकान आहे, अशी कल्पना करा. एक मशीन, एक टेबल, भिंतीला अडकवलेले शिवून झालेले कपडे. दिवाळीपूर्वी खणाच्या ब्लाऊजची कामे यावीत म्हणून त्यांना जाहिरात करायची आहे. त्या प्रथम असे लिहितात: ‘आमच्या टेलरिंग दुकानाची सुंदर व आकर्षक जाहिरात. शिलाई मशीनचे क्लोजअप, हलणारे कापड.’

यातून चित्र तयार होईल. परंतु ते कोणत्याही दुकानाचे असेल. चकचकीत मशीन आणि वाऱ्यावर लहरणारे रेशमी वस्त्र असे काहीतरी समोर येईल. ‘सुंदर’ आणि ‘आकर्षक’ ही विशेषणे पाहणाऱ्याच्या मनातील परिणाम सांगतात. कॅमेऱ्यासमोर काय ठेवायचे ते सांगत नाहीत. सूचनेत जे सांगायचे राहते, ते साधन आपल्या सरावातील सर्वसाधारण चित्रांनी भरून काढते.

तेव्हा पहिला प्रश्न असा की, मशीनच्या जवळून नेमके काय दिसते? टीप मारली जात असताना सुई खाली जाते, वर येते, आणि ती कापडाबाहेर असताना खालचे दाते कापडाला थोडे पुढे सरकवतात. कापड शिवणाऱ्या व्यक्तीपासून दूर जाते. त्यामुळे टाके नेहमी सुईच्या पलीकडे उमटतात; सुईच्या अलीकडचे, शिवणारीच्या बाजूचे कापड अजून कोरे असते. हाताच्या सुईचे नेढे मागच्या टोकाला असते, मशीनच्या सुईचे मात्र टोकदार बाजूजवळ. ही माहिती कारागिरालाच असते, आणि चित्र खरे की खोटे हे तिच्यावरूनच ओळखता येते. ज्या स्त्रिया आयुष्यभर ब्लाऊज शिवून घेत आल्या आहेत, त्यांना काय चुकले ते सांगता आले नाही तरी काहीतरी चुकले आहे हे जाणवते.

गतीचाही विचार करावा लागतो. मशीन नेहमीच्या वेगाने चालत असेल तर सुई डोळ्यांना स्पष्ट दिसतच नाही. म्हणून चाक हाताने सावकाश फिरवले जात आहे, असे सांगावे. नाजूक जागी शिवताना कारागीर तसेच करतात. यात आणखी एक सोय आहे. उजवा हात मागे चाकावर गेला की चौकटीत फक्त डावा हात उरतो. बोटांची संख्या व ठेवण चुकणे हा या साधनांचा परिचित दोष आहे. एकच हात दाखवल्यास त्याला वाव कमी मिळतो.

आता कापड. ‘हलणारे कापड’ म्हटले की साधनाला शिफॉन किंवा रेशीमच आठवते, असे समजून चालावे. खण तसा नसतो. तो काहीसा ताठर असतो, घडीचा मोड धरून ठेवतो, फडफडत नाही. नुसते ‘खण’ असे लिहिल्यास साधनाला तो शब्द कळेलच याची खात्री नाही. म्हणून नावाबरोबर रूपही द्यावे: लहान विणीव बुट्टे, वेगळ्या रंगाचा काठ, आणि तो कसा पडतो. अशा तपशिलांसह पहिल्या दृश्याचा प्रॉम्प्ट पुढीलप्रमाणे होईल.

‘उभी चौकट, ९:१६. एकच सलग दृश्य, पाच सेकंद. कॅमेरा शिलाई मशीनच्या डाव्या बाजूला, सुईच्या उंचीवर, स्थिर. जुने काळे मशीन, रंग कडेला थोडा उडालेला. सुईखाली हिरवा खण: जाडसर सुती-रेशमी कापड, लहान विणीव बुट्टे, लाल काठ. चाक हाताने फिरवल्यासारखी सुई सावकाश खाली-वर होते. कापड चौकटीत उजवीकडून डावीकडे थोडे थोडे सरकते. सुईच्या डावीकडे लाल दोऱ्याचे सरळ, समान टाके. उजवीकडे कोरे कापड. मध्यमवयीन स्त्रीचा डावा हात कापडावर सपाट, सुईपासून चार बोटे दूर. खिडकीतून सकाळचा प्रकाश. वरचा एक तृतीयांश भाग मोकळा, गडद पार्श्वभूमीचा.’

यात ‘बोटे सुईखाली नकोत’ असे वाक्य नाही, हे आपल्या लक्षात आले असेल. नकाराने सांगितलेली वस्तूच पुष्कळदा चित्रात अवतरते. म्हणून जे नको ते टाळून, त्या जागी जे हवे ते लिहिले आहे.

पहिल्या प्रयत्नात सर्व जमेल अशी अपेक्षा ठेवू नये. चित्रफीत आवाज बंद करून दोन-तीन वेळा पाहावी. एकदा फक्त सुईकडे, एकदा फक्त टाक्यांकडे, एकदा हाताकडे. समजा, सुई हलते आहे पण कापड जागीच आहे, किंवा टाके सुईच्या आधीच उमटलेले आहेत. अशा वेळी संपूर्ण प्रॉम्प्ट नव्याने लिहू नये. त्या दोषाशी संबंधित एकच वाक्य बदलावे. चार वाक्ये एकदम बदलली तर कोणत्या बदलाने काय साधले ते कळत नाही. तीन-चार प्रयत्नांनंतरही टाके सुधारले नाहीत, तर कॅमेरा थोडा मागे घ्यावा, म्हणजे टाके ठळक दिसणार नाहीत. ही तडजोडच असते, पण खोट्या टाक्यांपेक्षा बरी.

दुसरे दृश्य कापडाचे, स्वतंत्र प्रॉम्प्टने करावे: खणाची घडी टेबलावर उलगडते, मोड दिसत राहतो, काठ प्रकाशात येतो. दोन क्रिया एका प्रॉम्प्टमध्ये कोंबल्यास साधन त्यांची सरमिसळ करते. वरचा भाग मोकळा ठेवला आहे तो दुकानाचे नाव, पत्ता व शिलाईचा दर यांसाठी. ही अक्षरे साधनाकडून काढून घेऊ नयेत. देवनागरीतील मात्रा व जोडाक्षरे त्यात वारंवार बिघडतात, आणि दुकानाच्या नावातच चूक असलेली जाहिरात गावभर फिरते. मोबाइलवरील संपादनाच्या अ‍ॅपमध्ये ती नंतर टंकित करावीत.

राहिले तिसरे दृश्य, शिवून तयार झालेल्या ब्लाऊजचे. ते कसे लिहावे, असा प्रश्न आपल्याला पडला असेल. माझे मत असे की, ते लिहूच नये. साधन एखादा ब्लाऊज निर्दोष दाखवील: गळ्याला एक सुरकुती नाही, काठ दोन्ही बाह्यांवर तंतोतंत जुळलेला. परंतु तो या बाईंनी शिवलेला नाही, आणि ग्राहक तो पाहूनच कापड घेऊन येणार. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची व्याख्या आहे. वस्तूचे किंवा सेवेचे खोटे वर्णन तिच्यात येते. कायद्याचा विचार बाजूला ठेवला तरी गावातील दुकान ओळखीवर चालते, आणि पहिलीच गिऱ्हाईक ‘तुमच्या व्हिडिओतला गळा असा नव्हता’ म्हणाली, तर उत्तर देणे कठीण होईल. तेव्हा भिंतीवरचा एक ब्लाऊज उतरवून खिडकीपाशी धरावा आणि मोबाइलनेच पाच सेकंद चित्रित करावा. पहिल्या दोन दृश्यांतील प्रकाश ‘खिडकीतून सकाळचा’ असा मागितला आहे, तो याच दृश्याशी जुळावा म्हणून. चित्रीकरणही सकाळीच करावे.