जुन्या देणगीदाराला पुन्हा पत्र लिहिताना

मुलींच्या शिष्यवृत्ती निधीसाठी जुन्या देणगीदारांना पत्र लिहायला बसलं की मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व सांगण्यातच पहिला परिच्छेद खर्ची पडतो. ते महत्त्व त्यांना पटलेलं असतं, म्हणूनच तर त्यांनी एकदा पैसे दिले. त्यांच्या मनात दोन वेगळेच प्रश्न असतात: मागच्या पैशांचं काय झालं, आणि शिक्षण मोफत असताना पुन्हा पैसे कशाला?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर नववीच्या वर्गात सापडतं. महाराष्ट्रातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत मुलींना बारावीपर्यंत फी नाही, खेड्यातल्या मुलींना एसटीचा पासही मोफत मिळतो. पण सरकारकडून मिळणारी पाठ्यपुस्तकं आणि गणवेश आठवीपर्यंतच. नववीत तो खर्च घरावर येतो. त्यात शाळेच्या वेळेला एसटी नसेल तर पास असूनही काळीपिवळीचं भाडं मोजावं लागतं.

समजा, ऊसतोड कामगारांच्या एखाद्या गावातून पत्र जायचं आहे. ते असं लिहिता येईल:

“सप्रेम नमस्कार. गेल्या वर्षी आपण दिलेल्या 3,000 रुपयांसह जमलेल्या निधीतून आठवीच्या 12 मुलींना मदत झाली. त्यांपैकी 11 जणी यंदा नववीत जात आहेत. एकीचं कुटुंब दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलं आणि तिची शाळा सुटली. तिला गावात ठेवून घेण्याची सोय आम्ही करू शकलो नाही. नववीत एका मुलीला गणवेश व बूट 1,800, पुस्तकं-वह्या 1,200, सॅनिटरी पॅड 600 आणि दहा महिन्यांचं जीपभाडं 2,400, असे 6,000 रुपये लागतील. 11 जणींचे 66,000 होतात. आपण गेल्या वर्षीइतकीच रक्कम दिलीत तर एकीचा निम्मा खर्च भागेल. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून 20 मेपर्यंत कळवावं, ही विनंती.”

शाळा सुटलेल्या मुलीचा उल्लेख गाळू नये. सगळं सुरळीत झालं असं सांगणाऱ्या हिशेबावर जाणता देणगीदार विश्वास ठेवत नाही. मुलींची नावं आणि फोटो मात्र पत्रात घालू नयेत. गाव लहान असतं. कोणाच्या मदतीवर कोण शिकते हे चारचौघांत होऊ नये.

मागच्या देणगीचा आकडा प्रत्येक पत्रात पावतीपुस्तकावरून पडताळून लिहावा. तो चुकला तर पुढचा हिशेब कोणी वाचत नाही. करसवलतीचा मोहही जपून दाखवावा: 2,000 रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही, आणि नवी करप्रणाली निवडलेल्यांना तर मुळीच नाही.

पत्र एप्रिलमध्येच टाकावं. पैसे जुलैत आले, तर तोवर गणवेश उसनवारीने घेतलेला असतो, किंवा मुलगी घरी बसलेली असते.